आज रात्री साडेनऊला लाइट कापणार

मेसेजचा आशय साधारण असा असतो. प्रिय ग्राहक, मागच्या महिन्याचे तुमचे बिल अपडेट झालेले नाही, म्हणून आज रात्री साडेनऊ वाजता वीज कार्यालयातून तुमची लाइट तोडली जाईल. ताबडतोब आमच्या वीज अधिकाऱ्याला या नंबरवर फोन करा. खाली दहा आकडी मोबाइल नंबर. २०२२ पासून हा मजकूर महाराष्ट्रभर फिरतो आहे. सुरुवातीला तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत यायचा, मग मराठीत येऊ लागला, पुढे नंबराच्या जागी लिंक आली, लिंकच्या जागी व्हॉट्सॲपवर फाइल आली. साडेनऊ मात्र बऱ्याचदा तसेच राहिले. ही वेळ कुणीतरी विचार करून निवडलेली आहे. मेसेज येतो संध्याकाळी, म्हणजे उपविभागाचे कार्यालय आणि बिल भरणा केंद्र बंद झाल्यावर. साडेनऊपर्यंत हाताशी दोन-तीन तास उरतात. खात्री करायला कुठे जावे तर सगळीकडे कुलूप, आणि घाबरायला तेवढा वेळ पुरतो.

शिरूर आणि दौंडमध्ये ही धमकी जरा जास्तच खरी वाटते, कारण इथे रात्री लाइट जाणे ही काही बातमी नाही. शेतीच्या फीडरला थ्री फेज एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री, अशा पाळीची सवय लागलेली. त्यात वळवाचा पाऊस झाला की फांदी तारेवर पडते, डीपी जळते, आणि ऑइल बदलून डीपी परत चढेपर्यंत गाव अंधारात बसते. ज्याने हे वर्षानुवर्षे पाहिले आहे त्याला 'आज रात्री कापतो' हे वाक्य अशक्य वाटतच नाही. पण लाइट जाणे आणि लाइट कापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला कारण लागत नाही. दुसरीला कायदा लागतो, कागद लागतो आणि माणूस लागतो.

आधी मेसेज नीट वाचू. त्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही ते पाहायचे.

हे दोन्ही तालुके महावितरणच्या बारामती मंडलात, केडगाव विभागाखाली येतात. इथल्या एखाद्या बागायतदाराच्या घरात किती मीटर असतात ते मोजा. राहत्या घराचा एक. विहिरीवरच्या किंवा नदीवरच्या मोटारीचा एक, कधी दोन. रस्त्याला गाळा असेल तर त्याचा एक, दारात पिठाची गिरणी असेल तर आणखी एक. शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज योजना लागू झाल्याने मोटारीचे बिल भरायचेच नसते. मग त्या मेसेजमधली 'तुमची लाइट' म्हणजे नेमकी कोणती? महावितरणचे बिल कधीही 'तुमची लाइट' असे बोलत नाही. ते बारा आकडी ग्राहक क्रमांक बोलते, कारण कंपनीच्या दप्तरात तुम्ही माणूस नसून तो क्रमांक आहात. दोन मीटर असतील तर दोन क्रमांक, दोन बिले, दोन वेगळे मेसेज. खोट्या मेसेजमध्ये ग्राहक क्रमांक नसतो, कारण पाठवणाऱ्याकडे तो नसतो. त्याच्याकडे फक्त मोबाइल नंबरांची यादी असते आणि तो ती सरसकट झोडपत जातो.

म्हणून रांजणगावच्या कारखान्यात कामाला आलेल्या आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरालाही हा मेसेज येतो. मीटर घरमालकाच्या नावावर, नोंदलेला मोबाइल घरमालकाचा, आणि लाइट कापण्याची धमकी भाडेकरूला. हा प्रकार मला सगळ्यात बोलका वाटतो. ज्याच्या नावावर जोडणीच नाही त्याची जोडणी तोडायला निघालेला अधिकारी कोण असणार?

आता कायदा. थकबाकीसाठी वीज तोडण्याचा अधिकार कंपनीला वीज अधिनियम, २००३ च्या कलम ५६ ने दिला आहे, आणि त्याच कलमात त्या अधिकाराला वेसणही घातली आहे. लेखी नोटीस द्यावी लागते आणि तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवस जाऊ द्यावे लागतात. 'पूर्ण' म्हणजे नोटिशीचा दिवसही धरायचा नाही आणि तोडण्याचा दिवसही नाही. उदाहरणच घेऊ. बिल भरण्याची शेवटची तारीख १० होती आणि तुम्ही भरले नाही. लगेच दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला नोटीस मिळाली असे धरू, इतकी तत्परता प्रत्यक्षात क्वचितच दिसते. तरी १२ ते २६ हे पंधरा दिवस तुमचे. कायद्याने लाइट कापता येईल ती लवकरात लवकर २७ तारखेला. ही नोटीस मोबाइलवरही येऊ शकते, त्यामुळे 'मेसेज आला म्हणजे खोटाच' असे म्हणता येत नाही. पण खरी नोटीस ग्राहक क्रमांक सांगते, थकलेली रक्कम सांगते आणि मुदत दिवसांत देते. तासांत मुदत देणारी नोटीस या कलमात बसतच नाही.

याच कलमात एक सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. बिलाच्या आकड्यावरून वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती 'हरकत राखून' भरता येते. तेवढे भरले की वाद मिटेपर्यंत कंपनीला लाइट तोडता येत नाही. म्हणजे खरोखरच भांडण असले, तरी त्यावरचा उपाय कार्यालयातल्या अर्जात आहे, कुणाच्या लिंकमध्ये नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. 'महावितरण कधी मोबाइलवरून फोन करत नाही' असे सरसकट सांगितले जाते. गावाकडे ते खरे नाही. मार्च जवळ आला की वसुलीचा तगादा लागतो आणि गावचा वायरमन स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतो. त्याचा नंबर तुमच्याकडे असतोच, कारण डीपी गेल्यावर तुम्हीच त्याला शंभरदा फोन केलेला असतो. तो म्हणतो, "आण्णा, घरच्या मीटरचे दोन महिने राहिलेत. वरून यादी आलीय. एवढ्या दोन-चार दिवसांत भरून टाका, नाहीतर मलाच पोलवर चढायला लावतील." हा फोन दहा आकडी नंबरावरून आला, त्यात तोडण्याची भाषाही आहे, आणि तरी तो खरा आहे.

मग फरक ओळखायचा कशावरून? माझ्या मते पैसे कोणत्या वाटेने मागितले जातात यावरून. वायरमनला तुम्ही पैसे कुठे भरता याच्याशी काही देणेघेणे नसते. भरणा केंद्रात भरा, पतसंस्थेत भरा, पोराला पुण्याहून मोबाइलवर भरायला सांगा. पैसे जमा झाले की यादीतून नाव आपोआप जाते, त्याचे काम झाले. खोट्या अधिकाऱ्याला मात्र तुम्ही बिल भरावे असे वाटतच नसते, त्याने सांगितलेल्या वाटेने भरावे असे वाटते. त्याला एवढेच म्हणून पाहा, "ठीक आहे साहेब, मी माझ्या फोनमधून ग्राहक क्रमांक टाकून आत्ता भरतो." खरा माणूस 'भरा' म्हणेल आणि फोन ठेवेल. खोटा अस्वस्थ होईल. मग तो सांगू लागेल की तसे भरले तर सिस्टिमला दिसत नाही, अपडेट होत नाही, सर्व्हर वेगळा आहे, लाइनवरच राहा. 'लाइनवरच राहा' हे शब्द ऐकले की ओळख पटली असे समजायला हरकत नाही. बिल भरणाऱ्याला फोनवर धरून ठेवण्याची गरज वीज कंपनीला कधीच पडत नाही.

पाठवणाऱ्याच्या नावावरूनही बरेच कळते. महावितरणचे मेसेज दहा आकडी नंबरावरून येत नाहीत, नोंदणी केलेल्या नावाने येतात. मोबाइलवर ते VM-MSEDCL, VK-MSEDCL, AM-MSEDCL, JM-MSEDCL असे दिसते. पुढची दोन अक्षरे मोबाइल कंपनी आणि विभागाप्रमाणे बदलतात, MSEDCL मात्र कायम. २०२५ पासून अशा नावांच्या शेवटी -S सारखे एक अक्षरही जोडले जाते. हे नाव टेलिकॉम कंपन्यांकडे नोंदवावे लागते, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नोंदणीकृत मेसेजमधली लिंकही आधी मंजूर करून घ्यावी लागते. त्यामुळे ठगाला हा दरवाजा बराचसा बंद झाला आणि तो साध्या सिमकार्डाकडे व व्हॉट्सॲपकडे वळला. व्हॉट्सॲपवर महावितरणचे बोधचिन्ह लावायला एक मिनिटही लागत नाही. ट्रूकॉलरवर 'वीज अधिकारी' असे नाव झळकले म्हणून विश्वास ठेवणारेही भेटतात. ते नाव लोकांनी आपापल्या फोनमध्ये ज्या नावाने नंबर ठेवला त्यातून गोळा झालेले असते. चार ठगांनी एकमेकांना 'वीज अधिकारी' म्हणून ठेवले की झाले.

लिंकचेही असेच. खऱ्या मेसेजमध्ये कधी कधी बिल पाहण्याची लिंक असते, म्हणून 'लिंक दिसली की खोटी' हा नियमही पुरत नाही. ती वाचता आली पाहिजे, आणि लिंक वाचायची असते उजवीकडून. https:// नंतर येणारी पहिली तिरकी रेघ शोधा. त्या रेघेच्या लगेच डावीकडे जे असेल तो घराचा खरा पत्ता.

```
https://wss.mahadiscom.in/wss/...
https://mahadiscom.in.bill-update.example/pay
```

पहिल्या ओळीत तिरक्या रेघेच्या आधी mahadiscom.in आहे, हे महावितरणचे संकेतस्थळ. दुसऱ्या ओळीतही mahadiscom.in दिसते, पण ते सुरुवातीला आहे, रेघेजवळ नाही. रेघेजवळ bill-update.example आहे आणि तोच खरा मालक. हे उदाहरण मी बनवलेले आहे, पण युक्ती रोजची आहे. पाटलांच्या वाड्याची पाटी दुसऱ्याच कुणाच्या दारावर लावावी तसे. आखूड केलेल्या लिंकमध्ये तर पाटीच दिसत नाही. ती उघडायची कशाला?

आता एक संध्याकाळ पूर्ण पाहू. घर काल्पनिक आहे, क्रम मात्र या फसवणुकीच्या तक्रारींत पुन्हा पुन्हा दिसतो तोच. दौंड तालुक्यातले वरवंड समजा. घरात काका-काकू, मुलगा नोकरीला चाकणला. शुक्रवार, संध्याकाळचे पावणेआठ. काकांच्या फोनवर तो मेसेज येतो. बिल ११४० रुपयांचे होते आणि मुलाने सहा दिवसांपूर्वीच भरले आहे. काकांना ते माहीत आहे, म्हणूनच ते चिडून त्या नंबरवर फोन करतात. या धंद्याची खुबी इथे आहे. ठगाने फोन केला असता तर काका सावध राहिले असते. आपण स्वतः नंबर फिरवला की समोरचा माणूस आपोआप कार्यालयात बसलेला वाटू लागतो.

समोरचा आवाज नम्र असतो. "काका, तुमचे पैसे मिळालेत, मला इथे दिसतंय. फक्त खात्याला अपडेट झालेलं नाही." हे ऐकून काकांचा राग निवळतो. माणूस पैसे मागत नाही, उलट मिळाले म्हणतो! खरे तर त्याने काहीच पाहिलेले नाही. बहुतेक लोकांचे बिल भरलेलेच असते, त्यामुळे हे वाक्य दहापैकी आठ घरांत बसते. मग तो म्हणतो, अपडेट करायला नाममात्र दहा रुपये भरावे लागतील, फाइल पाठवतो, उघडा.

दहा रुपयांसाठी कोण भांडणार? वाद घालण्यापेक्षा देऊन टाकलेले बरे वाटावे एवढीच ती रक्कम ठेवलेली असते. ठगाला ते दहा रुपये नको असतात. ते भरताना काका जे जे टाइप करतील ते हवे असते.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलच्या नावात बिल, अपडेट असे शब्द आणि शेवटी .apk असते. फोटो .jpg असतो, छापील बिल .pdf असते; .apk म्हणजे बिल नव्हे, तो अँड्रॉइड फोनवर बसवायचा पूर्ण प्रोग्राम. फोन इशारा देतो की हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आले आहे. फोनवरचा आवाज म्हणतो, "ते तसंच येतं काका, परवानगी द्या." मग ॲप मेसेज वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी मागते. बिल भरायच्या ॲपला तुमचे मेसेज कशाला वाचायचे आहेत, हा प्रश्न त्या घाईत सुचत नाही. काही वेळा .apk ऐवजी एनीडेस्क किंवा क्विकसपोर्ट हे स्क्रीन दाखवणारे ॲप घ्यायला लावतात. ती ॲप मुळात प्रामाणिक आहेत, कार्यालयांत रोज वापरली जातात. पण त्यातला नऊ-दहा आकडी कोड तुम्ही वाचून दाखवला की तुमचा पडदा त्याच्यासमोर उघडा पडतो.

पुढे महावितरणच्या चिन्हाचा फॉर्म येतो. नाव, मोबाइल, आणि दहा रुपये भरण्यासाठी डेबिट कार्डाचा नंबर व मुदत. कार्डच का? यूपीआयचा पिन नव्याने ठरवायचा असेल तर बँक डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी मागते, काही बँका एटीएम पिनही मागतात. यूपीआय नव्या फोनवर सुरू करताना तुमच्या सिममधून एक मेसेज जावा लागतो. फॉर्मने कार्ड दिले, ॲपने ओटीपी वाचून पुढे धाडला, मेसेजही पाठवला. म्हणजे तिन्ही किल्ल्या एका जुडग्यात आल्या. 'मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही' असे लोक शपथेवर सांगतात, आणि ते खरेही असते. ओटीपी त्यांनी सांगितला नाही, फोननेच सांगितला.

दहा रुपये 'फेल' होतात. आवाज म्हणतो, सर्व्हर बिझी आहे, दहा मिनिटांनी होईल, तोवर फोन बंद करू नका. त्या दहा मिनिटांत पैसे सुटतात, एकदम नव्हे, तुकड्यांत. बँकेचा मेसेज काकांना दिसत नाही, ॲपने तो गिळलेला असतो. बँकेने फोन केला तर तोही पोहोचत नाही, कारण कॉल दुसरीकडे वळवलेले असू शकतात. `*401` ने सुरू होणारा आकडा काही तरी निमित्ताने डायल करायला लावून हे केले जायचे. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ती सोय थांबवायला सांगितली, पण फोनच्या सेटिंगमधून कॉल वळवणे अजून शक्य आहे. साडेनऊ वाजता वरवंडच्या त्या घरात लाइट चालूच असते. काकू म्हणते, "बरं झालं बाई, दहा रुपयांत भागलं."

हे सगळे टाळायला एक तपासणी पुरते. तिला दोन मिनिटे लागतात आणि ती रात्रीही करता येते. मेसेज बाजूला ठेवा, त्यातल्या नंबराला फोन करू नका. जुने छापील बिल काढा, त्यावर बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि चार आकडी बिलिंग युनिट असते. तुम्ही एरवी वापरता त्या यूपीआय किंवा बँकेच्या ॲपमध्ये वीज बिल, महावितरण, आणि हे दोन क्रमांक टाका. ॲप थेट कंपनीच्या दप्तरातून नाव आणि बाकी आणून दाखवते. बाकी काहीच नसेल तर मेसेज तिथेच निकालात निघाला. बाकी असेल तर तिथेच भरून टाका, मेसेज खरा असो की खोटा. ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण समोरचा ठग आहे की अधिकारी हे ठरवण्याच्या भानगडीत पडावेच लागत नाही. स्मार्टफोन जमत नसेल तर १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ हे महावितरणचे निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतात. नंबर बिलावरून घ्यावा, इंटरनेटवर शोधून नाही. 'कस्टमर केअर' म्हणून शोधल्यावर वर दिसणारा नंबर ठगानेच पेरलेला असू शकतो.

या तपासणीला एकच मर्यादा आहे: भरलेले पैसे कधी कधी एक-दोन दिवस खात्यावर दिसत नाहीत. तेव्हा पावती जपून ठेवायची, तिच्यावर व्यवहार क्रमांक असतो. नवीन टीओडी मीटर आले म्हणजे कंपनी लांबूनच बटण दाबून लाइट घालवेल, अशी भीतीही आता फोनवर घातली जाते. या मीटरची बिलेही आधी वापर, मग पैसे अशीच निघतात आणि कलम ५६ चे पंधरा दिवस त्यांनाही लागू आहेत.

आणि पैसे गेलेच तर? पहिले काम फोन फेकणे नव्हे, त्याचे नेट बंद करणे. डेटा आणि वायफाय घालवा, सिम काढून ठेवा, म्हणजे ॲपला पुढे काही पाठवता येणार नाही. मग दुसऱ्याच्या फोनवरून १९३०. हा आर्थिक सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवले जाते, तिथून पुढच्या खात्यात गेले असतील तर त्या बँकेला, आणि जिथे सापडतील तिथे ते अडवून धरले जातात. त्यामुळे मिनिटांचा हिशेब असतो. पैसे खात्याखात्यांतून फिरत आहेत तोवर अडवता येतात; कुठल्या तरी एटीएममधून नोटा बाहेर पडल्या की अडवायला काही उरत नाही. फोन करताना बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि मिळाला तर बारा आकडी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा.

त्याचबरोबर स्वतःच्या बँकेला कळवायचे आणि कळवल्याची वेळ व तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. यामागे पैशाचे कारण आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवण्यापर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. काकांनी रात्री दहाला कळवले आणि साडेदहाला आणखी वीस हजार गेले, तर ते वीस हजार बँकेने सोसायचे. लाजेपोटी 'सकाळी मुलाला विचारून बघू' म्हणत रात्र काढली, तर ती रात्र काकांच्या खात्यावर पडते.

पोलिसांत जाताना हद्दीची काळजी करू नये. शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव, यवत, दौंड ही सगळी ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांची, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कुठल्याही ठाण्याला हद्द न पाहता तक्रार नोंदवून घ्यायला सांगितले आहे. cybercrime.gov.in वरही ती देता येते. मेसेज, कॉलची यादी, ती .apk फाइल यांचे दुसऱ्या फोनने फोटो घ्या आणि तोवर फोन फॉरमॅट मारू नका. घाईने सगळे पुसले की पुरावाही पुसला जातो. कॉल वळवलेले असतील तर ते `##002#` डायल केल्याने रद्द होतात. ॲप काढताना चिन्ह दिसत नसेल तर सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत पाहा, ही ॲप स्वतःचे चिन्ह लपवतात.

ठग पकडले जातात का? जातात. २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांनी याच वीज बिलाच्या मेसेजप्रकरणी देशभरातून साठाहून अधिक जणांना धरले. त्यांत फोनवर बोलणारे तर होतेच, पण सिमकार्ड पुरवणारे आणि स्वतःच्या नावावर खाते उघडून ते भाड्याने देणारेही होते. म्हणजे दौंडच्या काकांशी बोलणारा, त्याला सिम विकणारा आणि पैसे घेणारा एकमेकांना ओळखतीलच असे नाही. महिन्याला दोन-चार हजार मिळतात म्हणून कुणी बँकेचे पासबुक आणि एटीएम मागत असेल, तर तो हाच धंदा आहे आणि गुन्ह्यात पहिले नाव खातेदाराचे येते. एमआयडीसीच्या आसपास कामाच्या शोधात फिरणाऱ्या पोरांनी हे विशेष लक्षात ठेवलेले बरे.

एक शक्यता राहिली. मेसेज आला, तुम्ही दुर्लक्ष केले, आणि नेमकी साडेनऊला लाइट गेली! आमच्याकडे हा योगायोग अजिबात दुर्मीळ नाही. तेव्हा मोबाइल हातात घेण्याआधी दारात येऊन शेजारी पाहायचे. सगळी आळी अंधारात असेल तर फीडर गेला आहे किंवा डीपीचा फ्यूज उडाला आहे. थकबाकीसाठी कुणी आख्खी आळी कापत नाही. तुमच्याच घरात अंधार असेल तर आधी मीटरजवळचा एमसीबी पाहा, मग बॅटरी मारून पोलवरून घराकडे येणारी सर्व्हिस वायर जागेवर आहे का ते पाहा. थकबाकीची तोडणी दिवसा होते, तिच्यासाठी शिडी लागते, आणि ती करायला आलेला माणूस साधारणपणे तुम्हाला नावाने ओळखत असतो. वायर जागेवर असेल तर १९१२ ला तक्रार नोंदवा, नंबर घ्या आणि वायरमनला फोन लावा. तो बहुधा म्हणेल, "आण्णा, सकाळपर्यंत थांबा, सबस्टेशनलाच प्रॉब्लेम आहे."